शून्यावर धरलेला ७४१

ऑप-अ‍ॅम्पचा ओपन-लूप गेन मोजायचा म्हटलं की पहिला विचार साधाच येतो. इनपुटला थोडे मायक्रोव्होल्ट द्यावेत, आउटपुट मोजावं आणि भागाकार करावा. पण ७४१चा गेन असतो दोन लाखांच्या घरात आणि इनपुट ऑफसेट असतो मिलिव्होल्टभर. त्यांचा गुणाकार दोनशे व्होल्टच्या आसपास जातो आणि सप्लाय मात्र ±१५ व्होल्टच. मग आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं आणि मोजायला काही उरत नाही.

म्हणून प्रश्न उलटा घ्यावा लागतो. आउटपुट किती हवं ते आपण ठरवायचं आणि त्यासाठी इनपुटला किती द्यावं लागतं, ते दुसऱ्या एका ऑप-अ‍ॅम्पला शोधायला लावायचं. मी जी मांडणी वापरतो तिच्यात तपासायच्या चिपच्या दोन्ही इनपुटांपासून ग्राउंडला शंभर-शंभर ओहम असतात. तिचं आउटपुट १०० किलोओहममधून दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्पच्या इंटिग्रेटरला जातं. इंटिग्रेटरचं आउटपुट ९९.९ किलोओहममधून चिपच्या नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटवर परत येतं. इंटिग्रेटर सिग्नल उलटा करतो, म्हणून फीडबॅक निगेटिव्हच राहतो. ९९.९ किलोओहम आणि १०० ओहम यांचा विभाजक बरोबर एक हजाराचा होतो. त्यामुळे इंटिग्रेटरच्या आउटपुटवर मीटर लावला की तिथला एक मिलिव्होल्ट म्हणजे चिपच्या इनपुटवरचा एक मायक्रोव्होल्ट. दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्पचा स्वतःचा ऑफसेट इथे आड येत नाही. त्या ऑफसेटमुळे चिपचं आउटपुट शून्याऐवजी काही मिलिव्होल्टवर थांबतं, आणि त्या फरकाला दोन लाखांनी भागलं की इनपुटवर नगण्यच उरतो.

नवख्यांची गाडी हमखास अडते ती लूपच्या डोलण्यापाशी. नुसता एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला, तर ७४१चा पाच हर्ट्झजवळचा पोल आणि इंटिग्रेटर मिळून फेज जवळजवळ १८० अंशांनी मागे नेतात. मग लूप चाळीस हर्ट्झच्या आसपास झुलत राहतो, आणि मीटरवर शेवटचे आकडे थरथरताना दिसतात. कपॅसिटरला मालिकेत दहा किलोओहम दिले की तो शांत होतो. मी ऑसिलोस्कोप लावून ही शांतता पाहिल्याशिवाय एकही आकडा लिहीत नाही.

धातूच्या डबीतल्या एका ७४१वर, लोड न लावता, चिपचं आउटपुट शून्यावर धरलं तेव्हा मीटरवर १.२४० व्होल्ट आले, म्हणजे ऑफसेट १.२४ मिलिव्होल्ट. नंतर इंटिग्रेटरच्या इनपुटला आणखी एका १०० किलोओहममधून उणे दहा व्होल्ट दिले. चिपचं आउटपुट अधिक दहावर गेलं आणि मीटर १.२८४ वर. उलट्या बाजूला मीटरने १.१९८ दाखवले. वीस व्होल्टच्या फेऱ्याला इनपुटवर ८६ मायक्रोव्होल्ट लागले, म्हणजे गेन सुमारे २ लाख ३२ हजार. या कामात पंखा बंद करतो आणि चिपवर खोका झाकतो. डबीच्या कोव्हारच्या पायांची तांब्याशी जिथे गाठ पडते, तिथे अंशाच्या फरकाला चाळीसेक मायक्रोव्होल्ट उमटतात, आणि वाऱ्याची झुळूक तेवढा फरक सहज पाडते.

खरी गंमत दोन किलोओहमचा लोड लावल्यावर. त्याच चिपचं आउटपुट शून्यापासून अडीच-अडीच व्होल्टनी वर नेलं. मीटर १.२४० वरून १.२१५, मग १.२०४, नंतर १.२०८ आणि दहा व्होल्टला १.२२६ वर आला. लोडविना हेच वाचन सरळ रेषेत चढलं होतं. आता ते आधी खाली गेलं, मग वर वळलं. पहिल्या अडीच व्होल्टांपुरता हिशेब मांडला तर गेनचं चिन्हच उणे निघतं!

कारण विजेचं नाही, उष्णतेचं आहे. वरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर पंधरा वजा आउटपुट इतके व्होल्ट पडतात आणि त्यातून लोडचा करंट वाहतो. अडीच व्होल्टला त्यात सुमारे १६ मिलिवॉट जळतात, साडेसातला सर्वाधिक २८ आणि दहाला पुन्हा २५. त्याच सिलिकॉनवर इनपुटची जोडी बसलेली असते. जोडीच्या दोन ट्रान्झिस्टरांत तापमानाचा तीन शतांश अंशाचा फरक पडला, तरी अंशाला दोन मिलिव्होल्टच्या हिशेबाने साठ मायक्रोव्होल्टचा खोटा इनपुट तयार होतो. मीटरच्या आकड्यांतून लोडविनाची सरळ रेषा वजा करा. २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्टला खोट ३६, ५८, ६५ आणि ५८ मायक्रोव्होल्ट उरते. ती मिलिवॉटच्या मागोमाग चढते आणि उतरते.

हे १९७४ साली जेम्स सॉलोमन यांनी मोनोलिथिक ऑप-अ‍ॅम्पवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात मांडलं होतं: चिपचा डीसी गेन बऱ्याचदा तिच्या स्वतःच्या उष्णतेनेच ठरतो. म्हणून फक्त दोन टोकांची वाचनं घेऊन काढलेल्या गेनवर मी विसंबत नाही. लोडविनाची रेषा आणि लोडसहची वक्ररेषा दोन्ही काढतो, आणि कागदावर गेनच्या आकड्याशेजारी लोडची किंमत लिहितो.