कढुआ हा शब्द

बनारसमध्ये साडीची पारख उलट बाजूने होते. कढुआ विणकामात प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असते. मागे लोंबते धागे नसतात. कटवर्कमध्ये धागा एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत तसाच जातो आणि मागून कापावा लागतो. कढुआला वेळ जास्त लागतो, म्हणून दामही जास्त. बनारसी साडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण ऑनलाइन दुकानात ग्राहक साडी उलटून पाहू शकत नाही. तिथे उलट बाजूचे काम एका शब्दाला करावे लागते.

मी आमच्या साड्या जिथे विकते तिथे एका मालाचे एकच पान असते आणि अनेक विक्रेते त्याला जोडले जातात. त्यांतला कुणीही मजकुरात दुरुस्ती सुचवू शकतो. आमच्या एका कतान साडीच्या वर्णनातून ‘कढुआ’ गेला आणि ‘बनारसी बुट्टी’ उरले. किंमत कढुआची, वर्णन कुठल्याही साडीला चालेल असे. माझ्या खात्यात मात्र मी भरलेला मजकूर जसाच्या तसा दिसत होता.

म्हणून माझी स्क्रिप्ट खात्यातली नोंद वाचत नाही. ग्राहकाला दिसणारा मजकूर ती विक्रेत्यांना दिलेल्या अधिकृत मार्गाने मागवते, दर सहा तासांनी:

```
0 */6 * * * python3 tulna.py
```

तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न. कालच्या प्रतीशी केली तर बदल एकदाच कळतो. दुसऱ्या दिवशी तो बिघडलेला मजकूरच ‘काल’ होऊन बसतो. माझी मूळ प्रत मी स्वतः मंजूर केलेली असते आणि स्क्रिप्टला ती बदलता येत नाही. शीर्षक, वर्णन, कापड, ब्रँड अशी एकेक नोंद वेगळी ताडली जाते. त्यामुळे ‘पान बदलले’ असा मोघम निरोप न येता कोणता शब्द गेला तेच कळते.

खोटा गजर हिंदीतल्या ‘साड़ी’ने केला. ‘ड़’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ड आणि खालचा नुक्ता असा. डोळ्यांना फरक शून्य, स्क्रिप्टला मात्र दोन शब्द. तुलनेआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणल्या की हे थांबते:

```
unicodedata.normalize("NFC", s)
```

लागोपाठ दोन फेऱ्यांत फरक दिसला तरच निरोप येतो, कारण पान कधी कधी अर्धवटही मिळते.

बदल कुणी केला, हे स्क्रिप्ट सांगत नाही. ती देते जुना शब्द, नवा शब्द आणि दोन वेळा: शेवटचा बरोबर मजकूर कधी दिसला, पहिला चुकीचा कधी. या दोन वेळांच्या मधल्या ऑर्डरी मी काढते आणि त्या ग्राहकांना साडीच्या उलट बाजूचा फोटो पाठवते. पान दुरुस्त व्हायला दिवस लागतात. फोटो त्याच संध्याकाळी पोचतो.