आभार मानताना कोण राहिलं?



२२ सप्टेंबर म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. आपल्या कुंभोजचे अण्णा! शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा ते जैन बोर्डिंगात राहिले होते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्या दिवशी धाकटीच्या कॉलेजात व्याख्यान होतं आणि आभारप्रदर्शन तिच्याकडे आलं होतं. आदल्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा ती वही घेऊन कट्ट्याशी आली.

"मम्मी, ऐक की जरा."

तिनं वाचायला सुरुवात केली. "आजच्या या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे, ज्यांनी आपल्या अत्यंत व्यस्त दिनक्रमातून आपला बहुमूल्य वेळ काढून या ठिकाणी उपस्थिती दर्शवून आम्हा सर्व विद्यार्थ्यांना अनमोल असे मार्गदर्शन केले त्याबद्दल मी त्यांचे आभार व्यक्त करतो."

एवढं म्हणेपर्यंत तिला दोनदा दम लागला. शिवाय शेवटी 'करतो'! आपल्या कोल्हापूरच्या मुली घरात 'मी येतो, मी जातो'च म्हणतात आणि ते कानाला गोडही लागतं. पण माईकसमोर मुलीनं 'मानते'च म्हणायला हवं, कारण ते भाषण औपचारिक आहे. घाबरल्यावर जिभेवर घरचीच सवय येते, म्हणून वहीत जिथं जिथं क्रियापद होतं तिथं तिला लाल रेघ मारायला लावली.

मग आम्ही ते वाक्य उलगडलं. 'प्रमुख पाहुणे' हे शब्द सुरुवातीला आले आणि तसेच लोंबकळत राहिले, त्यांना पुढं क्रियापदच मिळालं नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं वाक्य लांबलं की ऐकणाऱ्याला कुणाचे आभार चाललेत हे शेवटपर्यंत धरून ठेवावं लागतं. वाचताना मागं जाऊन बघता येतं, ऐकताना येत नाही. म्हणून पाहुण्यांनी काय केलं ते आधी छोट्या वाक्यांत सांगायचं, आणि नाव व आभार एकत्र शेवटच्या वाक्यात ठेवायचे. तिथं थांबायचं, म्हणजे टाळ्याही नेमक्या तिथंच पडतात.

शब्दांचंही बघितलं. आभार 'मानतात', 'व्यक्त' करायची ती कृतज्ञता. 'उपस्थिती दर्शवली'पेक्षा 'आल्या' हा साधा शब्द बरा. वहीत 'मा.' लिहिलं होतं ते ती 'मा' असंच वाचत होती, म्हणून 'माननीय' असं पूर्ण लिहिलं. आणि अर्धं 'केले, मानले' नि अर्धं 'केलं, मानलं' अशी खिचडी होती. दोन्ही चालतं, पण एकच धरायचं. तिच्या तोंडात 'केलं' बसतं, तेच ठेवलं.

पाहुण्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. वहीत त्यांच्या नावामागं 'सौ.' होतं. "तू विचारलंस का कुणाला?" असं मी म्हटलं. तिनं अंदाजानंच लिहिलं होतं. तिनं लगेच तिच्या मॅडमना फोन लावला, तर बाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले होते. ते एकाक्षरी संबोधन भर सभेत त्यांच्या काळजात रुतलं असतं. पण आपल्याकडं 'श्रीमती' म्हटलं की अजून बऱ्याचजणी विधवा असाच अर्थ घेतात. म्हणून दोन्ही काढलं आणि पूर्ण नाव व पुढं 'बाई' एवढंच ठेवलं. त्यांचे विद्यार्थी त्यांना तेच म्हणत.

वहीतलं शेवटचं वाक्य होतं, "अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास मी क्षमस्व आहे."

यातली चूक सोपी आहे. 'क्षमस्व' हे संस्कृतातलं 'क्षमा कर' असं क्रियापद आहे, त्यामुळं 'मी क्षमस्व आहे'ला अर्थच उरत नाही. 'क्षमा असावी' म्हणावं. पण मी अडले ते व्याकरणापाशी नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात मीच आभार मानले होते. अध्यक्षा, पाहुण्या, देणगीदार, सगळ्यांची नावं घेतली आणि शेवटी हेच वाक्य म्हणून मोकळी झाले. त्या दिवशी एक काकू पहाटेपासून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकावीत म्हणून त्यांनी दुपारी पाठ टेकली नव्हती. त्यांचं नाव माझ्या कागदावरच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी आल्या नाहीत. क्षमावाणीला मी त्यांच्या घरी गेले, हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हटलं. त्यांनीही हात जोडले आणि म्हणाल्या, "अगं, तुला तेव्हा आठवलं असतं तर बरं वाटलं असतं." तेव्हापासून ते वाक्य मला पळवाट वाटतं. आधीच माफी मागून ठेवली की आठवायचे कष्ट वाचतात.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं आणि ते वाक्य खोडायला लावलं. त्याऐवजी कार्यक्रमाच्या सकाळी लवकर जाऊन कोण काय करतंय ते वहीत लिहायचं, नाव विचारून, कारण आडनावं चुकतात. सभागृह झाडणाऱ्या मावशी, खुर्च्या मांडणारे शिपाई मामा, माईकवाला, रात्रीपर्यंत प्रमाणपत्रं छापणारे कार्यालयातले दादा. नावं फार झाली तर एकेका वाक्यात दोघातिघांना घ्यायचं, पण काम सांगून.

क्रम आम्ही असा लावला: आधी पाहुण्या, मग अध्यक्ष, प्राचार्य, प्राध्यापक, मग ही कामाची माणसं आणि शेवटी श्रोते. घड्याळ लावून वाचलं तर तिला शंभर शब्दांना एक मिनिट लागत होतं. तीन मिनिटांच्या वर जायचं नाही असं ठरवलं, कारण आभाराला लोक चपला शोधत असतात.

पाहुण्यांच्या परिच्छेदात मात्र दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. व्याख्यान ऐकताना त्यातली एकच गोष्ट टिपायची आणि तिथं भरायची. 'अनमोल मार्गदर्शन' हे कुणालाही म्हणता येतं, ती एक गोष्ट मात्र फक्त त्या वक्त्यालाच म्हणता येते.

बाई लक्ष्मीबाईंवर बोलल्या, भाऊरावांच्या पत्नीवर. धाकटीनं व्यासपीठावर जाऊन हे वाचलं:

"कर्मवीरांबद्दल आपण खूप ऐकलं होतं. आज बाईंनी आपल्याला लक्ष्मीबाईंकडे बघायला लावलं. बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिलं. हे ऐकल्यावर आज डबा उघडताना आपल्याला घरच्या कुणाचीतरी आठवण येईल. आजच्या प्रमुख पाहुण्या," इथं तिनं पूर्ण नाव घेतलं, "बाई, यांचे मी महाविद्यालयाच्या वतीनं मनःपूर्वक आभार मानते."

'मानते' नीट आलं. टाळ्या नावावरच सुरू झाल्या, हे मात्र आम्ही धरलं नव्हतं, तिला थांबावं लागलं.

संध्याकाळी घरी येऊन ती सांगत होती, शिपाई मामांचं नाव आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि मामा दारातून बाहेरच निघून गेले. नंतर पोह्यांच्या वेळी त्यांनी तिला विचारलं, "माझं आडनाव कुणी सांगितलं गं तुला?"

"तुम्हीच की मामा, सकाळी," ती म्हणाली.

येत्या कार्यक्रमात तुमच्याकडं आभार आले तर सगळ्यात आधी स्वयंपाकघरात जाऊन या, वही घेऊन.