पावसाविना गळणारं छप्पर

जानेवारीतल्या एका सकाळी गॅरेजचं शटर वर ढकललं, तर बाकावरचे पान्हे ओले. पाचाडात पाऊस थांबून महिने झालेले, मग पत्रा गळतोय कसा? पत्रेवाल्याने वर चढून सगळे स्क्रू तपासले, दोन वॉशर बदलले, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टपटप.

पत्र्याला खालून हात लावला तेव्हा उलगडा झाला. भोक कुठेच नव्हतं, सगळा पत्राच घामेजला होता. थंडीतल्या निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षाही गार होतो. गॅरेजातली दमट हवा त्याला टेकली की दव धरतं. हाच पत्रा एप्रिलच्या दुपारी चटके देतो. म्हणजे पत्रा आणि खालची हवा यांची गाठच पडू द्यायची नव्हती.

आधी स्वस्तात थर्माकोल चिकटवायला गेलो. पंक्चरचं सोल्युशन लावलं, तर त्याने थर्माकोलच खाल्लं. मग चंदेरी पापुद्र्याचा १० मिलिमीटर फोम आणला. तो पत्र्याला चिकटवला नाही, पर्लिनच्या खाली तारेच्या जाळीवर अंथरला. वर तीन इंच मोकळी हवा राहिली. ही पोकळी हवीच, कारण चंदेरी बाजू पत्र्याला टेकली तर ती उष्णता परतवूच शकत नाही. प्रत्येक सांधा कौलासारखा उतारावर चढवून ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केला. दमट हवा वर जात नाही, आणि वर दव पडलंच तर ते पागोळीकडे वाहून जातं. फोमही जळतोच, म्हणून वेल्डिंग आता अंगणात.

शटरने मात्र धडा दिला. तोच फोम पट्ट्यांवर आतून चिकटवला. तिसऱ्या दिवशी शटर अर्ध्यावर अडलं. गुंडाळी जाड होऊन वर ड्रमपाशी घासत होती. करकर पहिल्याच दिवशी ऐकू आली होती, मी तेल घालत बसलो! दोन संध्याकाळी फोम खरवडण्यात गेल्या. शटर पश्चिमेला आहे, म्हणून आता त्याला बाहेरून पांढरा रंग दिलाय, खाली रबरपट्टी, दोन्ही चॅनेलांत ब्रशची पट्टी, आणि आत वीतभर अंतरावर ताडपत्रीचा पडदा.

पुढच्या थंडीत बाक कोरडा राहिला. दुपारी आतला धगीचा मारा गेला, तरी हवा बाहेरच्याइतकी गरम होतेच.

पावसाळ्यात हे सगळं तोकडं पडतं. गडावरून येणाऱ्यांच्या भिजलेल्या गाड्या आत घेतल्या की ओल आतच कोंडते. फोम हवा सुकवत नाही. म्हणून व्हर्नियर आणि टॉर्क पान्हा एका लोखंडी कपाटात ठेवले आणि तळाशी जाळीच्या पिंजऱ्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. कपाट बाहेरच्यापेक्षा थोडं उबदार राहिलं की लोखंडावर ओल बसत नाही. वरच्या कप्प्यात आता बायकोचा पापडांचा डबाही आलाय.