विशाखेतली मसूर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नंदगडहून काकांचा फोन आला. एरवी आधी तब्येतीची विचारपूस असते, मग पाऊस, मग कोणाच्या घरी काय. त्या दिवशी थेट सुरुवात झाली. "काय गा, तू लिवलेलंस काय हे? मसूर चार पानांवर आल्यावर सांगायलेत, हिवाळी पिकासाठी जमीन तयार करा म्हणून!"

लिहिलेलं मीच होतं, म्हणजे त्याचं मूळ माझ्या हातचं होतं. कसं ते सांगतो.

आपल्यापैकी पुष्कळांना नंदगड संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीमुळे माहीत असेल. खानापूर तालुक्यातलं हे गाव भाताचं. पश्चिमेला कणकुंबीकडे, जिथं मलप्रभा उगम पावते, तिकडं धो धो पाऊस आणि जंगल. पूर्वेला बैलहोंगलच्या बाजूला उतरलं की काळी जमीन आणि मोजका पाऊस. नंदगड या दोहोंच्या मधलं. पावसाळ्यात भात, आणि भात कापल्यावर त्याच जमिनीत राहिलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाल. पाटाचं पाणी नाही, विहिरी थोड्या. बेळगावच्या बाजारात जी बारीक मसूर आपण चवीची म्हणून मागून घेतो, ती अशाच कोरडवाहू शेतांतली.

शेतकऱ्यांना मोबाईलवर पीकसल्ला पाठवणाऱ्या एका कंपनीला या भागाचं पीक-वेळापत्रक हवं होतं. गावातल्या सात-आठ जणांकडून त्यांनी मराठीत माहिती लिहून घेतली. ती इंग्रजीत करायचं काम एका ओळखीच्या माणसाने माझ्याकडे दिलं. नंदगडचा म्हणून. इंग्रजीवरून सल्ले तयार होणार आणि ते पुन्हा कन्नड-मराठीत जाऊन शेतकऱ्यांच्या हातात पडणार, असा तो फेरा होता. मी नोकरीच्या निमित्ताने तीस वर्षं बाहेर, पण भाषांतराची सवय आहे. दोन दिवसांत काम संपवलं आणि खूश झालो.

त्यात काकांचं एक वाक्य होतं. "रब्बीची मसूर भात कापल्यावर ओल असताना विशाखेत पेरायची." मी त्याचं इंग्रजी केलं ते मराठीत सांगायचं तर असं: मसूर हे हिवाळी पीक आहे, भाताच्या कापणीनंतर पेरावे. ओल गेली, विशाखा गेली. मला वाटलं, ओल काय, शेतात असतेच, आणि नक्षत्र परक्या वाचकाला काय कळणार? रब्बीला 'हिवाळी' म्हटलं की झालं. शाळेच्या भूगोलात तसंच तर होतं.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक ऋतूपुढे महिने घातलेले होते आणि हिवाळा सुरू होत होता डिसेंबरपासून. 'हिवाळी पीक' दिसल्याबरोबर मसुरीचे सगळे सल्ले त्या खान्यात जाऊन बसले. जमीन तयार करा, बियाण्याला प्रक्रिया करा, पेरणी करा, सगळं डिसेंबरात. त्यांचीही चूक म्हणवत नाही. आपल्या हवामान खात्याचा हिवाळा तर त्याहूनही उशिरा, जानेवारी-फेब्रुवारीचा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाला खातं 'मान्सूनोत्तर' म्हणतं. म्हणजे काकांची मसूर पेरली जाते तेव्हा खात्याच्या हिशेबाने हिवाळा लागलेलाच नसतो.

काकांचं काही बिघडलं नाही. त्यांनी भात कापलं १० नोव्हेंबरच्या सुमारास, भारे बांधावर नेले आणि १४ तारखेला मसूर जमिनीत. पण शेजारच्या घरातला मुलगा कंपनीतली नोकरी सोडून पहिल्यांदाच शेती करत होता. त्याचं भातही त्याच आठवड्यात निघालं. तो मोबाईलवरच्या सल्ल्याची वाट बघत बसला. सल्ला आला, त्यानं डिसेंबरच्या सुरुवातीला पेरलं आणि निम्म्या शेतात मसूर उगवलीच नाही. जी उगवली ती टिपक्याटिपक्यांनी.

मी गावी गेलो तेव्हा काकांनी मला त्या शेतात नेलं. रागावले नाहीत, पण दाखवल्याशिवाय सोडलंही नाही. भाताची जमीन चिखलणीने घट्ट झालेली असते. कापणीनंतर आठवडाभर ती आतून ओली असते, मग वरून झपाट्याने वाळते आणि भेगाळते. मसुरीचं बी दोन बोटं खोल पडतं. तेवढ्या थरातच ओल हवी, खाली हातभर ओल असून उपयोग नाही, कारण बी तिथं पोचत नाही. काकांची परीक्षा साधी आहे. चार बोटं उकरून मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. लाडू न फुटता चपटा झाला तर अजून ओलं आहे, नांगर घातला तर ढेकळं निघतील. पडून भुगा झाला तर वाफसा आहे, त्याच दिवशी औत बाहेर काढायचं. आणि लाडूच वळला नाही, तर वेळ गेली. त्या मुलाच्या शेतात आम्ही माती घेतली. लाडू वळला नाही.

"आता ह्याला तू इंग्रजीत काय म्हणशील?" काकांनी विचारलं. 'वाफसा' या शब्दाला मी आजही एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही.

परत आल्यावर मी शब्दांच्या मागे लागलो. खरीप आणि रब्बी हे दोन्ही मूळचे अरबी. खरीफ म्हणजे शरद, पानगळीचा काळ. रबी म्हणजे वसंत. आपल्याला वाटतं ही नावं पेरणीवरून आली असतील, पण ती आली आहेत सुगीवरून. सारा वसूल करणाऱ्याला पीक कधी पेरलं याच्याशी काय देणंघेणं? घरात कधी येतं ते महत्त्वाचं. शरदात येणारं ते खरीप, वसंतात येणारं ते रब्बी. मोगल वसुलीतून हे शब्द देशभर पसरले, पुढे इंग्रजांनीही भाषांतर न करता तसेच उचलले. 'हॉबसन-जॉबसन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशात दोन्हींच्या नोंदी आहेत. म्हणजे मी ज्या शब्दांना इंग्रजी पर्याय शोधत होतो, ते इंग्रजीत जाऊन सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला होता. अक्षरशः भाषांतर करायचं तर रब्बी 'वसंताचं पीक' ठरतं. मी केलं 'हिवाळ्याचं'. आणि पेरणी होते ती धड या ऋतूत ना त्या.

कन्नडात याला मुंगारू आणि हिंगारू म्हणतात, हे काकांना आधीपासून ठाऊक होतं, मलाच विसर पडला होता. पुढचा पाऊस आणि मागचा पाऊस. तिथं नाव ना पेरणीचं ना सुगीचं, थेट पावसाचं. नंदगडच्या मसुरीसाठी मला हे जास्त जवळचं वाटतं, कारण ती पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवरच जगते.

पण नुसतं 'रब्बी' तसंच ठेवलं तरी काम भागत नाही, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं. बैलहोंगलकडच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. शेत पावसाळाभर मोकळं ठेवून त्यात ओल साठवलेली असते. तेव्हा नंदगडात भात अजून उभं असतं, काहींचं लोंबीत दूध भरत असतं. एकच जिल्हा, एकच शब्द, आणि पेरणीत महिन्या-दीड महिन्याचं अंतर. निपाणीची विडीची तंबाखू घ्या. रोप लावायचं पावसात, काढणी थंडीत. तिला कुठल्या खान्यात बसवणार?

कंपनीला मी स्वतःहून पत्र लिहिलं आणि माझं भाषांतर दुरुस्त करून देतो म्हटलं. पैसे मागितले नाहीत, तो प्रश्नच नव्हता. 'रब्बी' तसाच ठेवला. शासनाच्या पीकविम्यातही तोच शब्द चालतो. खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, त्यामुळे शब्द बदलला की माणूस विम्याच्या कागदावरही चुकीच्या जागी पोचेल. त्याच्यापुढे लिहिलं: भात कापल्यापासून एका आठवड्याच्या आत, लाडूच्या परीक्षेत माती फुटत असताना. परीक्षा चार ओळींत समजावली. 'वाफसा' मराठीच ठेवला.

आणि विशाखा परत घातली. आधी मला वाटलं होतं नक्षत्रं म्हणजे पंचांगाची भानगड, दर वर्षी सरकणारी. तसं नाही. तिथी सरकते, कारण ती चंद्रावर चालते. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून इंग्रजी तारखेला जवळपास पक्की असतात, एखाद्या दिवसाचा फरक. मृग ७-८ जूनला लागतो तो म्हणूनच. विशाखा लागते ६ नोव्हेंबरच्या आसपास आणि १९ ला संपते. काकांच्या वाक्यात तारीख होतीच, अगदी दोन आठवड्यांची, आणि मी ती शोभेची समजून काढून टाकली होती.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. 'उन्हाळी भात' हे आपल्याकडे जानेवारीत लावून मे महिन्यात काढायचं पीक. इंग्रजीत 'समर' म्हटलं की अमेरिकेतल्या वाचकापुढे जून-जुलै-ऑगस्ट येतो, म्हणजे आपलं खरीप. कंपनीच्या तक्त्यातही तसंच धरलेलं होतं. नंदगडात हे भात करणारे मोजकेच, विहीर असलेले. त्यांच्यासाठी मी ऋतूचं नाव काढून फक्त महिने लिहिले आहेत. तक्त्यात ऋतूचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असं उत्तर आलंय. बोलणी चालू आहेत.

शेजारच्या मुलानं या वर्षी मोबाईलची वाट पाहिली नाही. १२ नोव्हेंबरला काकांना शेतात घेऊन गेला, माती उकरली, लाडू केला. दुसऱ्या दिवशी त्यानं कुरी जोडली.