उजव्या बाजूचं चाक

आम्ही दोघं आणि लेक इटलीला निघालो, तेव्हा टस्कनीतली गावं भाड्याच्या गाडीने फिरायचं ठरलं. गाडी हे चालवणार होते. इटलीत आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. आम्हा कर्जत-खालापूरवाल्यांचं आरटीओ पनवेलला. सारथी पोर्टलवर अर्ज भरला, पासपोर्ट आणि लायसन्सची कागदपत्रं जोडली, हजार रुपये फी भरली. हा परवाना वर्षभर चालतो, पण एकटा नाही. मूळ लायसन्सचं कार्डही लागतं. इथे मोबाईलमधलं डिजिलॉकर दाखवून भागतं, तिथे नाही.

विमानतळावरच्या काउंटरवर क्रेडिट कार्ड मागितलं, तेही चालवणाऱ्याच्याच नावाचं. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा भाड्यातच होता. गाडीचं नुकसान झालं तर मात्र पहिले पंधराशे युरो आपले. तेवढी रक्कम कार्डावर अडकवून ठेवणार होते. लेकीने अटी शेवटपर्यंत वाचल्या. टायर, रिम, काच आणि गाडीचा तळ या विम्यात नव्हताच. दिवसाला वीस युरो जास्त देऊन हे सगळं धरणारा विमा मिळत होता. मला ते फार वाटले. लेक म्हणाली, "आई, बाबांची पहिलीच वेळ आहे उजवीकडून चालवायची. घेऊया." आम्ही घेतला. मग गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखडा, चारही रिम आणि पेट्रोलचा काटा यांचे फोटो काढले.

हायवेवर काही अडचण आली नाही. उजव्या लेनमध्ये राहायचं, ओव्हरटेक डावीकडून. गोल चौकात आधीपासून आत असलेली गाडी डावीकडून येते, तिला आधी जाऊ द्यायचं. त्रास निराळाच झाला. आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेलं, त्यामुळे गाडीचं अंग आपल्या डावीकडे आहे असं हातांना ठाऊक. तिथे ते उजवीकडे असतं, आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकत जाते. शेजारी बसलेल्या मला ते आधी दिसायचं. "अहो, डावीकडे घ्या," हे मी सारखं म्हणत होते. चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसलेला असतो, इथेही आणि तिथेही. ती रेषा आपल्या खांद्याजवळ ठेवायची, एवढं धरल्यावर गाडी बरीच सरळ राहू लागली.

तरी सिएनाजवळच्या एका चिंचोळ्या रस्त्यावर समोरून टेम्पो आला. ह्यांनी जागा दिली आणि पुढचं उजवं चाक दगडी कठड्याला घासलं. टायर बाजूने चिरला, रिम खरवडली. माझ्या पोटात गोळाच आला. लेकीने करारावरच्या मदतीच्या नंबरवर फोन केला, फोटो काढले आणि त्यांनी सांगितल्यावरच गाडी हलवू दिली. तासाभराने माणूस आला आणि चाक बदलून गेला. गाडी परत करताना त्या घटनेचा नंबर कागदावर लिहून घेतला. टायर-रिमचे पैसे आम्हाला पडले नाहीत.