भरतीच्या पायऱ्या शेवटून मोजा



आम्ही कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलामुलींचे भरतीचे अर्ज भरून देतो. चिखली, मेहकर, खामगाव या भागात पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे तुम्हीही पाहत असालच. आमच्या वस्तीतला असाच एक मुलगा दोन वर्षे पळाला. केंद्रीय दलाच्या भरतीत त्याची लेखी निघाली, पळणेही निघाले, आणि शेवटच्या पायरीवरून तो परत आला. दारात उभा राहून म्हणाला, "काका, सगळं निघालं, अन् हातावरच्या अक्षरानं घरी धाडलं."

त्याने उजव्या हातावर, कोपराच्या खाली 'जयभीम' गोंदवले होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, मोठ्या हौसेने. वस्तीत लगेच बोलणे सुरू झाले की बाबासाहेबांचे नाव पाहूनच पोराला काढले. आम्हालाही पहिल्यांदा तसेच वाटले आणि रागही आला. मग आम्ही भरतीची नोटीस काढून ओळीने वाचली. त्यात नावाला किंवा धार्मिक खुणेला हरकत नव्हती, हरकत हाताला होती. उजवा हात सलामीचा. केंद्रीय दलांत गोंदण चालते ते डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागे, आणि तेही त्या भागाच्या पावहिश्श्याहून लहान. तेच अक्षर डाव्या हातावर लहान आकारात असते तर पोरगा आज गणवेशात असता.

चूक त्याच्या मेहनतीत नव्हती. ही अट त्याला पहिल्या दिवशीच कळायला हवी होती, ती शेवटच्या दिवशी कळली. म्हणून भरतीच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने येतात आणि माणूस कुठे गळतो, ते आज सांगतो.

आधी आपल्या राज्याची पोलीस शिपाई भरती घेऊ. इथला क्रम मधे बदलला होता. 2019 च्या नियमांत लेखी आधी केली होती, 2022 पासून पुन्हा मैदान आधी आले. मैदानावर पहिल्यांदा उंची आणि छाती मोजतात. पुरुषाला 165 सेंटिमीटर उंची लागते, आणि छाती न फुगवता 79, फुगवून 5 ने वाढलेली. इथे कमी भरला तो न पळताच घरी जातो. मग पन्नास गुणांची मैदानी चाचणी होते: 1600 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर 15 गुण, गोळाफेक 15 गुण. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर असते.

यात निम्मे, म्हणजे 25 गुण, लागतात. पण पंचवीस मिळाले म्हणजे लेखीला बसलो, असे पुष्कळ पोरे धरून चालतात, ते चूक आहे. त्या त्या प्रवर्गात जितक्या जागा, त्याच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावतात. समजा आपल्या प्रवर्गात 4 जागा आहेत. मग लेखीला 40 जण जातील. चाळिसावा मुलगा 38 गुणांवर थांबला, तर 36 वाला पास असूनही बाहेर राहिला. म्हणून मैदानात नुसते पास होऊन भागत नाही, वर यावे लागते. पुढे शंभर गुणांची लेखी असते, तिला किमान 40 टक्के लागतात. मैदान आणि लेखी यांची बेरीज होऊन यादी लागते. मग कागदपत्रे, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते.

केंद्रीय दलांची भरती याच्या उलट चालते. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांच्या शिपाई पदासाठी कर्मचारी निवड आयोग आधी संगणकावर लेखी घेतो. ती 2024 पासून मराठीतही देता येते. तिच्यातून निघालेल्यांना मग मोजमाप आणि धावण्यासाठी बोलावतात. पुरुषांना 24 मिनिटांत 5 किलोमीटर पळायचे असते. या पळण्याला गुण नाहीत, पुढे जाण्यापुरते ते पास व्हायचे असते. शेवटी कागदपत्रे आणि मेडिकल. यादी लागते ती लेखीच्या गुणांवर.

इथे दुसरा खड्डा आहे. या भरतीत पुरुषाला 170 सेंटिमीटर उंची लागते. अनुसूचित जातीला वयात पाच वर्षांची सवलत आहे, उंचीत नाही. आमच्याकडे 167 भरणारा एक मुलगा दोन्ही अर्ज एकदम घेऊन आला. आम्ही त्याला भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे केले आणि टेपने मोजले. पोलिसात तो दोन सेंटिमीटरने बसत होता. केंद्रीय दलात त्याने लेखीला कितीही गुण आणले असते, तरी टेपखाली तो तीन सेंटिमीटरने पडला असता. त्याचे वर्ष वाचले. तो आता फक्त पोलीस भरतीचा अभ्यास करतो.

आता मेडिकल. केंद्रीय दलांत चष्म्याशिवाय दूरचे एका डोळ्याने 6/6 आणि दुसऱ्याने 6/9 दिसावे लागते. रंग ओळखता आले पाहिजेत. डोळ्यांत तिरळेपणा, गुडघ्याला गुडघा लागणे, सपाट तळवा, पायाच्या फुगलेल्या शिरा यावरून अपात्र ठरवतात. यातले बरेच घरी कळते. पाय ओला करून फरशीवर ठेवा. तळव्याच्या आतल्या बाजूची कमान न दिसता सगळा पाय उमटला, तर डॉक्टरला दाखवा. रंगांधळेपणा आईकडून मुलाकडे येतो. आजोळच्या आजोबांना किंवा मामाला लाल-हिरवे नीट कळत नसेल, तर मुलाची तपासणी आधीच करा. तो दोष औषधाने जात नाही.

मेडिकलमध्ये अपात्र ठरलेल्याला पुन्हा तपासणी मागता येते. तिची मुदत फार थोडी असते, म्हणून कागद हातात पडताच तिथेच विचारावे. पण तेवढ्या दिवसांत गोंदण निघत नाही. लेसरने काढायला महिन्यामहिन्याच्या अंतराने अनेक बैठका लागतात आणि व्रणही राहू शकतो.

शेवटची पायरी चारित्र्य पडताळणीची. एखादा गुन्हा नोंद असेल, मग तो आंदोलनातला का असेना, फॉर्ममध्ये लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सांगितले की, दिलेली माहिती खरी असली पाहिजे. माहिती लपवली तर नेमणुकीनंतरही नोकरी जाऊ शकते. उलट खरे लिहिले तर गुन्हा किती गंभीर आहे, याचा विचार केला जातो.

आमच्या दारात उभा राहिलेला तो मुलगा चोवीस वर्षांचा आहे, केंद्रीय दलासाठी त्याला अठ्ठाविसापर्यंत वेळ आहे. त्याने गोंदण काढायला सुरुवात केली आहे. परवा त्याची आई म्हणाली, "भाऊ, नाव पुसू नका म्हणावं." आम्ही म्हणालो, "ताई, नाव डाव्या हातावर लिहिता येईल. आधी नोकरी लागू द्या."

आता अर्ज भरायला येणाऱ्या पोराला आम्ही पहिल्यांदा बाह्या वर करायला सांगतो. मग टेप, मग डोळ्यांची चिठ्ठी. अभ्यासाचे पुस्तक सर्वांत शेवटी.

जयभीम.