"भैया, चार नंबर बैठ गई"

आम्ही माधवगंजचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मालनपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं.

एका दुपारी २.४० ला पॅकिंगच्या ऑपरेटरचा मेसेज आला, "भैया, चार नंबर फिर बैठ गई, मोटर फुंक गई, जल्दी भेजो." मी तसंच लिहून टाकलं: मोटर जळाली, वेळ २.४०. इलेक्ट्रिशियन नवी मोटर घेऊन आला. जुनी तर ठणठणीत! जाम झालं होतं रोलरचं बेअरिंग. फिटर येईपर्यंत चार वाजले. शिवाय मशीन थांबलं होतं २.१५ ला. मधली २५ मिनिटं तो बिचारा रिले रीसेट करत बसला होता, पण कागदावर त्याचा हिशोबच नव्हता. बोलणी त्यानेच खाल्ली.

अर्ज असा हवा होता: 'मशीन ४. मोटर घुमते, पट्टा हलत नाही. ओव्हरलोड रिले तीनदा ट्रिप. बंद २.१५, कळवले २.४०. मिनिटाला ४० पुडे, आतापर्यंत १००० पुडे कमी. मशीन अजून बंद.'

तेव्हापासून अर्ज लिहिण्याआधी मी फोन करून विचारायचो, "भैया, दिखा क्या? रुकी कब?" कारण शोधणं फिटरचं काम, आपण लक्षण लिहावं. त्या ऑपरेटरची वेळ मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिली. माफीही मागितली.